शंभर वॅटची सायकल

(दृश्य: सकाळचा सपाट रस्ता, दांडीची साधी सायकल, मध्यम वेग)

ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो वजन. वेग स्थिर आहे, तरीही पाय थांबवता येत नाहीत, कारण दोन गोष्टी सायकलला सतत मागे खेचत असतात. रस्त्यावर दबणारे टायर सुमारे साडेसहा न्यूटनने अडवतात, आणि ताठ बसलेल्या स्वाराच्या छातीवर येणारी हवा साडेअकरा न्यूटनने. एकूण १८ न्यूटन. १.८ किलोचे वजन दोरीला टांगल्यावर दोरीला जेवढी ओढ लागते, तेवढेच हे बल.

बलाला वेगाने गुणले की शक्ती मिळते. १८ न्यूटन गुणिले ५.५६ मीटर प्रति सेकंद, म्हणजे १०० वॅट.

(दृश्य: पॅडलचा जवळून शॉट, पाय संथ लयीत)

आता हीच शक्ती पॅडलपाशी मोजू. क्रँक १७ सेंटिमीटरची आहे आणि मिनिटाला ६० फेरे पडताहेत. पॅडल सेकंदाला जेमतेम १.०७ मीटर सरकते. तेवढ्यात १०० वॅट द्यायचे तर पायाला सरासरी ९४ न्यूटनचा, म्हणजे साडेनऊ किलोचा दाब द्यावा लागतो. पायाशी बल मोठे आणि वेग कमी, रस्त्याशी बल लहान आणि वेग जास्त. गुणाकार मात्र दोन्हीकडे तोच. गिअर बदलला की या दोन आकड्यांची वाटणी बदलते, शक्ती वाढत नाही. उलट साखळीत दोन-तीन टक्के कमीच होते.

वेग ताशी ३० केला तर? टायरचा अडथळा जवळपास तेवढाच राहतो, पण हवेचा सव्वादोन पट होतो. एकूण बल ३२ न्यूटनवर जाते, आणि वेगही वाढलेला असल्यामुळे शक्ती लागते २७० वॅट. नेहमीच्या स्वाराला हे काही मिनिटांपलीकडे पेलत नाही. १०० वॅट मात्र तो तासभर देऊ शकतो. म्हणून विजेचा हिशेब आपण १०० वॅटवरच करू.

(दृश्य: स्टँडवर चढवलेली सायकल, मागच्या टायरला टेकलेला रोलर, त्याला जोडलेली डीसी मोटर, तारा, बॅटरी)

मोटर बाहेरून फिरवली की ती जनित्र होते. तारा मोकळ्या ठेवून पॅडल मारा: मल्टिमीटरवर ३० व्होल्ट सहज दिसतात आणि पायाला काहीच जाणवत नाही. हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. विद्युतप्रवाह वाहत नाही, त्यामुळे शक्ती शून्य आहे. बॅटरी जोडताच व्होल्टेज १३च्या आसपास उतरते आणि पॅडल एकदम जड होते. तो जडपणा हीच वीज बनत असल्याची खूण. आता व्होल्ट गुणिले अँपिअर करा: १२.८ गुणिले ४.७, म्हणजे ६० वॅट. बाकीचे ४० वॅट कुठे गेले ते हाताला कळते. टायर आणि मोटर दोन्ही गरम लागतात.

६० वॅट तासभर मिळाले तर ६० वॅट-तास वीज झाली. आपल्या वीजबिलातले एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. एका युनिटासाठी जवळजवळ १७ तास पॅडल मारावे लागेल.

दिव्यांना ही वीज पुरते: ९ वॅटचे सहा एलईडी लागतात. पाणी तापवायला घेतले की चित्र पालटते. १५ लिटरची बादली २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे २६० वॅट-तास लागतात. एका अंघोळीसाठी सव्वाचार तासांहून जास्त पॅडल! उष्णता निर्माण करणारे प्रत्येक उपकरण असेच पाय मोडते. लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा जर्मन ट्रॅक सायकलपटू रॉबर्ट फर्स्टेमन याने ७०० वॅटचा टोस्टर पायांवर चालवला होता. ब्रेडचा एक तुकडा भाजला गेला, वीज निघाली ०.०२१ युनिट, आणि त्या अचाट मांड्यांचा माणूस जमिनीवर आडवा झाला.

(दृश्य: स्टँडवरच्या स्वाराचा घामेजलेला चेहरा)

आणखी एक खर्च आहे, तो मोजायचा हमखास राहून जातो. पॅडलवर १०० वॅट द्यायला शरीर अन्नातून सुमारे ४०० वॅट खर्च करते. उरलेल्या ३०० वॅटची उष्णता होते. रस्त्यावर समोरचा वारा ती उडवून नेतो. स्टँडवर वारा नाही, दहा-पंधरा मिनिटांत अंगातून धारा लागतात आणि पायांचा जोर ओसरतो. तासभर टिकायचे असेल तर पंखा हवा. जुना ७५ वॅटचा पंखा या विजेवर पूर्ण वेगाने चालणारच नाही. बीएलडीसी पंखा ३० वॅटवर चालतो, म्हणजे बनलेल्या विजेतली निम्मी वीज बनवणाऱ्यालाच थंड ठेवण्यात जाते. बाकीच्या अर्ध्या विजेवर तीन दिवे लागतील.