आधी अँटिव्हायरस बंद करा

नमस्कार श्रोतेहो.

क्रॅक केलेला गेम कधी उतरवून घेतला असेल, तर त्यासोबत येणारी एक छोटी फाइल तुम्ही पाहिलीच असेल. नाव बहुतेक वेळा readme.txt. आत तीन-चारच ओळी असतात. सेटअप चालवा, क्रॅकच्या फोल्डरमधल्या फाइली गेमच्या फोल्डरमध्ये टाका, आणि हे सगळं करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. मला आज बोलायचं आहे ते या अँटिव्हायरसच्या ओळीबद्दल.

ही ओळ तिथे का असते? गेम विकत घेतलाय की नाही, हे तपासणारा भाग क्रॅकमध्ये काढलेला किंवा बदललेला असतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरच्या कितीतरी गेममध्ये steam_api64.dll नावाची फाइल असते. तिच्या जागी त्याच नावाची नकली फाइल बसवतात आणि ती गेमला सांगते, हो, हा माणूस खरा गिऱ्हाईक आहे. असा बदललेला प्रोग्रॅम दिसला की अँटिव्हायरस ओरडतो, आणि त्याने ओरडायलाच हवं. पण मुलं एकमेकांना काय सांगतात? "अरे, क्रॅक आहे म्हटल्यावर तो ओरडणारच, लक्ष देऊ नको." खरी गोम इथेच आहे. नुसता क्रॅक असो किंवा आत व्हायरस भरलेला क्रॅक असो, इशारा सारखाच येतो. मग कुठला इशारा खरा, हे घरात बसून ओळखायला तुमच्या हातात काहीही उरत नाही.

याचं एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. 2021 साली अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीकडे लोकांच्या विचित्र तक्रारी येऊ लागल्या. आमच्या कॉम्प्युटरवरून तुमचा अँटिव्हायरसच गायब झालाय, असं लोक सांगत होते. शोध घेतल्यावर कंपनीला क्रॅकोनॉश नावाचा मालवेअर सापडला. तो पसरत होता नावाजलेल्या गेमच्या क्रॅक प्रतींमधून, आणि तेही 2018 पासून.

त्याची चाल बघा. गेम बसवला की तो चालतो, नीट चालतो, त्यामुळे शंका यायचं कारणच नाही. मालवेअर लगेच काही करत नाही. कॉम्प्युटर किती वेळा सुरू झाला ते नुसतं मोजत बसतो. सातव्या किंवा दहाव्या वेळी तो विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करायला लावतो. सेफ मोडमध्ये विंडोज मोजकेच प्रोग्रॅम चालवतं आणि अँटिव्हायरस त्यांत नसतो. राखणदार झोपलेला असताना मालवेअर विंडोज डिफेंडर आणि दुसरा कुठला अँटिव्हायरस असेल तर तोही पुसून टाकतो, विंडोज अपडेट बंद करतो आणि कॉम्प्युटर पुन्हा नेहमीसारखा सुरू करून देतो. शिवाय खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, विंडोज सिक्युरिटीचं नकली चिन्ह लावतो. हिरवी खूण, सगळं ठीक. माणूस तिकडे बघतो आणि निश्चिंत होतो. मला या सगळ्यात सर्वांत वाईट वाटते ती ही हिरवी खूण.

एवढा खटाटोप कशासाठी, तर मोनेरो नावाचं आभासी चलन तयार करण्यासाठी. वीज तुमची, प्रोसेसर तुमचा, कमाई दुसऱ्याची. 2 लाख 22 हजारांहून जास्त कॉम्प्युटर यात सापडले आणि चोरांनी 20 लाख डॉलरहून अधिक कमावले. घरी त्याची लक्षणं काय दिसतात? काहीही उघडलेलं नसताना पंखा जोरात फिरतो, मशीन तापतं, साधं ब्राउझर उघडायलाही वेळ लागतो. म्हणून काय चाललंय ते बघायला टास्क मॅनेजर उघडला तर काही मायनर, म्हणजे असं चलन तयार करणारे प्रोग्रॅम, तेवढ्यापुरते गप्प होतात, आणि तो उघडताच पंखा शांत झाला तर शंका आणखी वाढायला हवी. विंडोज अपडेट कितीही दाबलं तरी चालत नसेल, किंवा विंडोज सिक्युरिटीची खिडकी उघडतच नसेल, तर चिन्हावर विश्वास ठेवू नका.

आता अपडेटचं. काही जण म्हणतात, मी एकट्याने खेळतो, मला अपडेट कशाला? सायबरपंक 2077 आठवा. डिसेंबर 2020 मध्ये तो आला तेव्हा पीसीवर सेव्ह फाइल 8 एमबीच्या पुढे गेली की खराब व्हायची. कितीतरी तासांचा खेळ पाण्यात. ती मर्यादा 1.06 या अपडेटने काढली, पण आधीच खराब झालेल्या सेव्ह काही परत आल्या नाहीत. पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये कंपनीला इशारा द्यावा लागला की दुसऱ्याकडून घेतलेल्या मॉड किंवा सेव्ह फाइलमधून कॉम्प्युटरवर परका कोड चालवता येतो. ते भोक 1.12 ने बुजवलं. विकत घेणाऱ्याला हे अपडेट आपोआप मिळालं. क्रॅकवाल्याला मात्र नवी प्रत शोधावी लागते, म्हणजे पुन्हा अनोळखी फाइल, पुन्हा अँटिव्हायरस बंद.

बॅनबद्दल मोठा गैरसमज आहे. क्रॅक गेम स्टीमशी बोलतच नाही, मग माझ्या खात्याला काय होणार, असं वाटतं. पण क्रॅकमधून मायनरच येतो असं नाही, माहिती चोरणारे प्रोग्रॅमही येतात. ते ब्राउझरमधले पासवर्ड उचलतात आणि त्यासोबत कुकीही. तुम्ही आधीच लॉगिन केलेलं आहे, याची ती खूण असते. ती हाती आली की चोराला पासवर्ड किंवा मोबाइलवरचा कोड लागेलच असं नाही. मग तो तुमच्या खात्यातल्या वस्तू विकतो, किंवा तुमच्या नावावर चीट लावून खेळतो. चीट पकडलं की लागणारी स्टीमची व्हॅक बंदी कायमची असते आणि मदत विभागही ती उठवत नाही. वर्षानुवर्षं जपलेल्या खात्यावर तो डाग राहतो.

आणि क्रॅक गेम ऑनलाइन चालवणारे जे जुगाड मिळतात, त्यांतले काही तर तुमच्या खऱ्या स्टीम खात्यातूनच चालतात. मित्रांच्या यादीत तुम्ही स्पेसवॉर नावाचा भलताच गेम खेळताना दिसता. स्टीमचा करार मोडला म्हणून खातं बंद करायचा हक्क स्टीमच्या कंपनीकडे असतो.

"घेण्याआधी चालवून बघतो" म्हणून क्रॅक घेणाऱ्यांना एक सांगतो. स्टीमवर गेम विकत घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल, तर पैसे परत मागता येतात.

ज्यांच्या मशीनवर असा गेम आधीच बसलेला आहे, त्यांनी नुसता गेम काढून टाकून थांबू नका, मालवेअर मागे राहतो. पहिल्यांदा इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून ईमेलचा पासवर्ड बदला, त्यानंतर गेमच्या खात्याचा, आणि दोन्हीकडे सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, म्हणजे चोरलेली कुकी निकामी होते. त्याच बिघडलेल्या मशीनवर बसून पासवर्ड बदललात तर नवा पासवर्डही चोराकडे जाईल. फोटो आणि कागदपत्रं बाजूला काढून घ्या. मग स्वच्छ मशीनवर बनवलेल्या पेनड्राइव्हवरून, डिस्क पुसून, विंडोज नव्याने टाका. सेटअपच्या फाइली आणि तो गेमचा फोल्डर मात्र सोबत उचलू नका.