x¹⁰⁰ ची बाकी, भागाकार न करता
(नागपूरला धरमपेठेत अकरावीच्या मुलांसमोर झालेलं बोलणं, थोडं नीट करून)

मागच्या आठवड्यात एक मुलगी वही घेऊन आली. गणित होतं x¹⁰⁰ ला x² − 3x + 2 नं भागा अन् बाकी सांगा. तिनं खरंच भागाकार मांडला होता, सात-आठ ओळी झाल्या होत्या, आकडे 3, 7, 15, 31 असे वाढत चालले होते, अन् मग खाली लिहिलं होतं, "सर, हे संपत नाही". तिचं चुकलं काहीच नव्हतं, पण शंभरपर्यंत कोण जाईल हो.

आता बघा. x² − 3x + 2 म्हणजे (x − 1)(x − 2), मुळं 1 आणि 2. भाजकाची घात 2 आहे म्हणून बाकीची घात 2 पेक्षा कमीच राहणार, नाहीतर अजून भाग गेला असता ना. म्हणून बाकी जास्तीत जास्त ax + b. मग लिहायचं:

x¹⁰⁰ = (x − 1)(x − 2)·Q(x) + ax + b

Q(x) काय आहे ते आपल्याला माहीत नाही, अठ्ठ्याण्णव घातीचं मोठं काहीतरी आहे, अन् ते माहीत करून घ्यायचंही नाही. x = 1 ठेवा, पहिला भाग शून्य, उरतं a + b = 1. x = 2 ठेवा, पुन्हा शून्य, उरतं 2a + b = 2¹⁰⁰. वजाबाकी केली की a = 2¹⁰⁰ − 1, अन् b = 2 − 2¹⁰⁰. झालं. हे 2¹⁰⁰ तसंच राहू द्या, उघडायची गरज नाही.

इथे दरवर्षी कोणीतरी विचारतंच, की सर x = 1 ठेवलं तर भाजकच शून्य झाला, शून्यानं भागलं कसं चालेल? प्रश्न चांगलाय, अन् याला "असंच असते" म्हणून सोडू नये. आपण भागतच नाही आहोत. वरची ओळ गुणाकार-बेरजेची आहे, ती x च्या प्रत्येक किमतीला खरी आहे, 1 ला पण अन् 2 ला पण. Q(x) स्वतः बहुपदी आहे म्हणून Q(1) ही एक साधी संख्या आहे, ती केवढीही मोठी असो, शून्याने गुणली की शून्यच. तुम्ही x¹⁰⁰/(x² − 3x + 2) असा अपूर्णांक मांडून त्यात 1 ठेवलं असतं तर मात्र अडलं असतं.

दुसरी चूक जास्त होते. एकघाती भाजकाची सवय असते, तिथे बाकी नुसता आकडा, म्हणून मुलं इथेही बाकी k धरतात. मग x = 1 ला k = 1 येतं अन् x = 2 ला k = 2¹⁰⁰. एकच k दोन किमतींचा कसा असेल? असं आलं की समजायचं, बाकीत x ची जागा ठेवायची राहिली.

पद्धतीवर विश्वास बसत नसेल तर छोट्यावर करून पाहा, x³ घ्या. a + b = 1, 2a + b = 8, म्हणजे a = 7, b = −6, बाकी 7x − 6. आता हातानं भागा, भागाकार x + 3 येतो अन् बाकी तीच. अन् त्या मुलीच्या वहीतले 3, 7, 15 आठवा, 7 तिथेच बसला होता.

मला यात सगळ्यात आवडतं ते चित्र. y = x³ चा आलेख काढा, त्यावर x = 1 चा बिंदू (1, 1) अन् x = 2 चा (2, 8), या दोघांतून पट्टी ठेवून रेघ मारा. ती रेघ म्हणजेच y = 7x − 6. बाकी म्हणजे वक्राला दोन मुळांपाशी छेदणारी सरळ रेघ, अन् दोन बिंदूंतून रेघ एकच जाते म्हणून उत्तरही एकच.

मग x¹⁰⁰ चा भाजक (x − 1)² असला तर? मूळ एकच, अट एकच, a + b = 1, अन् अनोळखी दोन. इथे पोरं अडकतात, काही जण तर तीच अट दोनदा लिहितात. चित्राकडे पाहा, दुसरा बिंदू सरकत सरकत पहिल्यावर आला तर छेदणाऱ्या रेघेची स्पर्शिका होते. म्हणून दुसरी अट उताराची. दोन्ही बाजूंचं डेरिव्हेटिव्ह घ्या, (x − 1)²·Q(x) मधून 2(x − 1)Q(x) + (x − 1)²Q′(x) निघतं, x = 1 ला दोन्ही शून्य, अन् उरतं 100 = a. मग b = −99, बाकी 100x − 99. ज्यांचं डेरिव्हेटिव्ह अजून झालं नाही त्यांनी x = 1 + t ठेवावं, (1 + t)¹⁰⁰ उलगडलं की t² अन् पुढच्या सगळ्याला भाजकानं पूर्ण भाग जातो, मागे राहतं 1 + 100t, अन् t च्या जागी परत x − 1 ठेवलं की तेच, 100x − 99.