पाण्याची टाकी आणि ट्रान्सफर फंक्शनची हद्द

[दृश्य: उभी टाकी. वरून पाणी पडते आहे, तळाच्या भोकातून बाहेर जाते आहे. पातळी स्थिर.]

या टाकीचा आडवा छेद अर्धा चौरस मीटर आहे. तळाशी सुमारे 5 सेंटिमीटर व्यासाचे भोक आहे. वरून सेकंदाला 5 लिटर पाणी येते, तेवढेच खालून जाते आणि पातळी 1 मीटरवर स्थिर राहते. आवक बदलली की पातळी बदलते. हा बदल किती होईल आणि किती वेळात होईल, हे सांगणारे एक सूत्र नियंत्रण अभियंते वापरतात:

G(s) = 0.4 / (200s + 1)

हे या टाकीचे ट्रान्सफर फंक्शन. 0.4 म्हणजे आवक सेकंदाला 1 लिटरने वाढवली तर पातळी शेवटी 0.4 मीटरने चढेल. 200 हा सेकंदांतला टाइम कॉन्स्टंट: एकूण चढापैकी सुमारे 63 टक्के चढ तेवढ्या वेळात होतो.

आता आवक दुप्पट करू, म्हणजे सेकंदाला 10 लिटर. सूत्राच्या हिशेबाने पातळी 2 मीटरने चढून 3 मीटरवर थांबायला हवी. खरी टाकी 4 मीटरवर जाऊन थांबते.

उलट बाजूने पाहिले तर फरक आणखी ठळक होतो. आवक पूर्ण बंद केली तर सूत्र म्हणते, पातळी 2 मीटरने खाली येईल. म्हणजे उणे 1 मीटर! सूत्रातली टाकी 139 सेकंदांनी शून्य ओलांडून खाली जाते. खरी टाकी बरोबर 200 सेकंदांनी रिकामी होते आणि तिथे विषय संपतो.

सूत्रात गणिताची चूक नाही. ते दोन अटींवर लिहिले आहे आणि त्यांतली एक इथे मोडली गेली.

[दृश्य: टाकीच्या जागी कोरी चौकट. डावीकडून इनपुट, उजवीकडे आउटपुट.]

त्या अटी समजण्यासाठी टाकी थोडा वेळ बाजूला ठेवू. एक अज्ञात प्रणाली घेऊ आणि तिला एकच विशिष्ट इनपुट देऊ: e^(st). हा इनपुट अनादि काळापासून चालू आहे असे धरू. आउटपुटला y(t) म्हणू.

आता तोच इनपुट T सेकंद आधी सरकवू. तो e^(s(t+T)) होतो. प्रणाली वेळेनुसार बदलत नसेल, तर आउटपुटही तसाच T सेकंदांनी सरकेल: y(t+T).

पण घातांकाचा गुण असा की e^(s(t+T)) म्हणजे e^(sT) गुणिले e^(st). म्हणजे सरकवलेला इनपुट हा जुनाच इनपुट, फक्त एका स्थिर संख्येने गुणलेला. प्रणाली रेषीय असेल, तर आउटपुटही त्याच संख्येने गुणला जाईल: e^(sT) y(t).

दोन्ही उत्तरे एकाच आउटपुटची आहेत, तेव्हा ती सारखी असलीच पाहिजेत:

y(t+T) = e^(sT) y(t)

यात t = 0 घातले की y(T) = y(0) e^(sT). म्हणजे आउटपुट पुन्हा तोच घातांक आहे, तोच s असलेला. फक्त पुढे एक गुणक लागला. हा गुणक s वर अवलंबून असतो, वेळेवर नाही. त्यालाच G(s) म्हणतात.

या चार ओळींत दोन्ही अटी एकेकदाच वापरल्या गेल्या. सरकवताना वेळेनुसार न बदलण्याची, गुणताना रेषीयतेची. यातली कोणतीही एक काढली की पुढची ओळ लिहिताच येत नाही. ट्रान्सफर फंक्शनची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हा पुरावा एकदा स्वतः लिहून काढलेला बरा.

[दृश्य: आलेखावर स्टेप, रॅम्प आणि साइन तरंग एकामागून एक.]

मग लाप्लास ट्रान्सफॉर्मचे काम काय? प्रत्यक्षातले इनपुट घातांकी नसतात. कोणी व्हॉल्व्ह एकदम उघडतो, कोणी हळूहळू. लाप्लास ट्रान्सफॉर्म अशा कोणत्याही नेहमीच्या इनपुटला e^(st) च्या अनेक घटकांत उलगडतो. प्रत्येक घटकाला त्याचा गुणक लावायचा आणि घटक पुन्हा एकत्र करायचे. एकत्र करता येतात, कारण प्रणाली रेषीय आहे.

इथे s मध्ये दोन भाग आहेत: s = σ + jω. नुसता ω ठेवला तर फक्त न वाढणारे, न घटणारे तरंग मिळतात. सतत चढत जाणारा रॅम्प त्यांत नीट मांडता येत नाही, कारण त्याचे इंटिग्रल अनंताकडे जाते. σ पुरेसा मोठा घेतला की e^(-σt) त्या वाढीला दाबतो आणि इंटिग्रल ठरावीक संख्येवर येते.

दुसरे काम रोजच्या हिशेबाचे आहे. टाकीचे समीकरण, पातळीतला बदल x आणि आवकेतला बदल u धरून, असे आहे:

200 dx/dt + x = 0.4 u

लाप्लास घेतल्यावर dx/dt च्या जागी sX(s) − x(0) येते. डिफरन्शिएशन गेले, साधा गुणाकार उरला:

X(s) = 0.4 U(s) / (200s + 1) + 200 x(0) / (200s + 1)

दुसरे पद बघा. ते सुरुवातीच्या पातळीचे आहे, इनपुटशी त्याचा संबंध नाही. ते ठेवले तर X भागिले U हा भागाकार दर वेळी वेगळा येईल. म्हणून ट्रान्सफर फंक्शन काढताना x(0) शून्य धरतात, आणि म्हणूनच पातळी तळापासून न मोजता स्थिर पातळीपासूनचा फरक म्हणून मोजतात.

s = jω घातले की साइन तरंगाचे उत्तर मिळते. आवक 20 मिनिटांच्या आवर्तनाने अर्धा लिटर वर-खाली केली, तर पातळी सुमारे 14 सेंटिमीटर वर-खाली होते आणि आवकेच्या अडीच मिनिटे मागे राहते.

[दृश्य: फळ्यावर y = u²]

एक गैरसमज मात्र हटवायला हवा. अरेषीय प्रणालीच्या आउटपुटचा लाप्लास घेता येत नाही, असे नाही. घेता येतो. पण त्यातून काही हाती लागत नाही.

इनपुटचा वर्ग करणारी प्रणाली घ्या. इनपुट e^(-t) दिला तर U = 1/(s+1). आउटपुट e^(-2t), म्हणून Y = 1/(s+2). भागाकार (s+1)/(s+2). दिसायला अगदी ट्रान्सफर फंक्शनच! आता इनपुट दुप्पट करा. भागाकारही दुप्पट झाला. इनपुट e^(-3t) दिला, तर भागाकार (s+3)/(s+6). प्रत्येक इनपुटला नवे उत्तर, म्हणजे हे प्रणालीचे वर्णन नव्हेच. इनपुटचीच छाया त्यात उतरली आहे.

[दृश्य: पुन्हा टाकी. भोकातून येणारी धार जवळून.]

टाकीत हाच प्रकार धारेपाशी होतो. भोकातून जाणारे पाणी पातळीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, पातळीच्या प्रमाणात नाही. पातळी चौपट झाली तेव्हा कुठे धार दुप्पट झाली, आणि म्हणून 4 मीटर.

मग 0.4 आणि 200 आले कुठून? वर्गमुळाच्या वक्राला 1 मीटरपाशी स्पर्शरेषा काढली आणि वक्राऐवजी ती वापरली. आवक 10 टक्के वाढवली तर सूत्र 1.20 मीटर सांगते, खरी पातळी 1.21. एक सेंटिमीटरचा फरक कोणीही सोडून देईल.

अशी सूट कुठपर्यंत चालते, हे सोप्या चाचणीने कळते. आवक 20 टक्के वाढवा, पातळी स्थिर होऊ द्या. मग मूळ जागी येऊन 20 टक्के कमी करा. रेषीय टाकीत दोन्ही बदल 40 सेंटिमीटरचे हवेत. खऱ्या टाकीत वर 44 आणि खाली 36. टाइम कॉन्स्टंट 200 सेकंद असल्याने, पातळी खरोखर स्थिरावायला प्रत्येक वेळी निदान 15 ते 20 मिनिटे थांबावे लागते. घाई केली तर हा फरक चाचणीतच हरवतो.

आवक अगदी संथपणे 2.5 ते 7.5 लिटरमध्ये हेलकावली, तर पातळी 0.25 ते 2.25 मीटरमध्ये फिरते. सरासरी 1 मीटर न राहता 1.125 होते, आणि मूळ लाटेत दुप्पट वारंवारतेची एक छोटी लाट मिसळते. G(s) मध्ये एका वारंवारतेतून दुसरी निघायला जागाच नाही.

[दृश्य: तळाच्या भोकाला व्हॉल्व्ह. तो ठरावीक गतीने उघडतो, मिटतो.]

दुसरी अट वेगळ्या तऱ्हेने मोडते. खालचा व्हॉल्व्ह दर 12 मिनिटांनी थोडा उघडतो-मिटतो असे धरा, आणि बदल इतके लहान ठेवा की स्पर्शरेषा पुरेल. समीकरण आता रेषीय आहे, पण त्यातला एक सहगुणक वेळेनुसार हलतो. वेळेतल्या दोन फलनांच्या गुणाकाराचा लाप्लास म्हणजे दोन लाप्लासांचा गुणाकार नव्हे. त्यामुळे X एकीकडे आणि U दुसरीकडे करून भागता येत नाही.

आवकेत 20 मिनिटांची लाट दिली तर पातळीत व्हॉल्व्हची स्वतःची लाट दिसतेच. त्याशिवाय 30 मिनिटांची आणि साडेसात मिनिटांचीही उमटते: दोन वारंवारतांची वजाबाकी आणि बेरीज.

नव्या लाटा दिसल्या की दोष कोणता, हे ओळखायला आवकेची लाट दुप्पट करून बघतात. बेरीज-वजाबाकीच्या लाटाही दुप्पट झाल्या, तर प्रणाली रेषीय आहे पण वेळेनुसार बदलते आहे. दुप्पट वारंवारतेची लाट साधारण चौपट झाली, तर अरेषीयता आहे.

पाइप लांब असल्यामुळे येणारा उशीर मात्र यात मोडत नाही. पाणी दर वेळी तेवढेच, म्हणजे L सेकंद, उशिरा येत असेल तर दोन्ही अटी शाबूत राहतात आणि G(s) ला फक्त e^(-Ls) हा गुणक लागतो.

[दृश्य: तीन पातळ्या, तीन सूत्रे.]

टाकी वेगवेगळ्या पातळ्यांवर चालवायची असेल, तर प्रत्येक पातळीला वेगळी स्पर्शरेषा आणि वेगळे सूत्र:

0.25 मीटर: 0.2 / (100s + 1)
1 मीटर: 0.4 / (200s + 1)
4 मीटर: 0.8 / (400s + 1)

तिन्हींत वरची संख्या भागिले s चा सहगुणक एकच येतो, 0.002. तो फक्त टाकीच्या छेदावरून ठरतो. म्हणून आवक बदलल्यानंतरच्या पहिल्या दहा-वीस सेकंदांत तिन्ही सूत्रे जवळजवळ एकच उत्तर देतात. चपळ कंट्रोलरला कोणतीही पातळी चालते. मिनिटांच्या हिशेबाने संथ चालणाऱ्या कंट्रोलरला मात्र 1 मीटरला लावलेली सेटिंग्ज 0.25 किंवा 4 मीटरवर पुन्हा तपासावी लागतात.