ओव्हरटाइम वेगळा, कॉम्प-ऑफ वेगळा
(भोसरीतील लघुउद्योजकांसमोरील व्याख्यानाचा संपादित भाग)

आपल्याकडे सर्रास चालणारा एक हिशोब आधी मांडतो. तासाला 90 रुपये घेणारा एक ऑपरेटर आहे. आठवड्याचे त्याचे 48 तास ठरलेले. डिस्पॅच अडलं म्हणून तो दोन दिवस दोन-दोन तास जास्त थांबला, म्हणजे 52 तास झाले. पुढच्या आठवड्यात सुपरवायझर म्हणतो, "शनिवारी अर्धा दिवस घरी जा, पगार कापत नाही." सगळे खूश! पण कायद्याने 48 च्या वरच्या तासांना दुप्पट दर आहे. चार तासांचे 720 रुपये त्याचे होतात आणि पगारी अर्ध्या दिवसातून मिळाले 360. उरलेले 360 कंपनीकडे थकले. त्याने त्या वेळी तक्रार केली नाही, एवढंच.

कॉम्प-ऑफ येतो तो बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीपोटी. गुरुवारची सुट्टी मोडून माणूस कामाला आला, तर त्याला बदली सुट्टी हवी, आणि ती त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत. ऑक्टोबरमधला गुरुवार गेला असेल, तर 31 डिसेंबरपर्यंत. सॉफ्टवेअरमध्ये "30 दिवसांत न घेतल्यास रद्द" असं टाकून ठेवलेलं असतं; ते आजच काढा. आणि त्या गुरुवारमुळे आठवडा 48 च्या वर गेला, तर दुप्पट पैसेही द्यायचे, सुट्टीही द्यायची. इथे मालक मंडळींच्या कपाळावर आठ्या पडतात, मला कल्पना आहे.

मंजुरीचं म्हणाल, तर कामाआधी सुपरवायझरने स्लिप भरावी: कोण, कोणत्या मशीनवर, किती तास, कशासाठी. विभागप्रमुखाची सही झाली की स्लिप त्याच दिवशी टाइम ऑफिसला. रात्री अचानक ब्रेकडाउन झालं, तर फोनवर होकार घ्यावा आणि स्लिप दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरी करावी. स्लिप नाही म्हणून पैसे अडवू नका. डोळ्यांदेखत काम करून घेतलंत, तर ते द्यावेच लागतात. स्लिप न भरणाऱ्या सुपरवायझरला जाब विचारा, कामगाराला कशाला?

खरी गडबड उघडी पडते ती पंचिंगमध्ये. मशीन म्हणतं सात वाजून पन्नास मिनिटं, स्लिपवर साडेसात. ही वीस मिनिटं तो बसची वाट बघत होता की टूल बदलत होता? दुसऱ्या दिवशी विचारलंत तर उत्तर मिळतं, महिनाअखेरीला कुणालाच आठवत नाही. म्हणून फरकाचं कारण रोजच्या रोज लिहून दोघांच्या सह्या घ्या. आकडा गुपचूप खाली गोल करणं सगळ्यात वाईट, कारण पंचिंगचा मूळ डेटा तसाच राहतो आणि तपासणीत तोच मागतात.

कॉम्प-ऑफच्या वहीत तीन तारखा हव्यात: काम केल्याची, सुट्टीची मुदत संपण्याची आणि प्रत्यक्ष घेतल्याची. तिसरा रकाना रिकामा आणि मुदत पंधरा दिवसांवर आली असेल, तर सुट्टीचा दिवस तुम्हीच ठरवून त्याला आधी कळवा.