चटणीची यादी: लक्ष्मीपुरीतील एका दुकानातून

(दृश्य: लक्ष्मीपुरी, सकाळ. दुकानाच्या फळीवर मिरचीची पोती. दिवाणजींच्या हातात वहीचा फाडलेला कागद.)

उन्हाळा लागला, की कोल्हापुरातील घरोघर वर्षाची चटणी करण्याची लगबग सुरू होते आणि लक्ष्मीपुरीतील किराणा दुकानांत अशा कागदांची थप्पी पडू लागते. बाहेरगावी जिला कांदा-लसूण मसाला म्हणतात, तिलाच इथे नुसते चटणी म्हणतात. या कागदावर सर्वांत वर लिहिले आहे, ‘चटणी ५ किलो’, आणि त्याखाली एकोणीस ओळी आहेत. लिहिणाऱ्या आजींनी त्या आठवतील तशा लिहिल्या असल्याने धन्यानंतर लसूण, लसणानंतर लवंग आणि मग पुन्हा तीळ असा क्रम झाला आहे.

दिवाणजी पहिली ओळ वाचून लगेच पुडी बांधायला घेत नाहीत. ते आधी पूर्ण यादी एकदा नजरेखालून घालतात, कारण यातील आकडे जुन्या वळणाचे आहेत. आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव आणि दोन रेघा म्हणजे अर्धा; त्यामुळे १॥ म्हणजे दीड आणि ०। म्हणजे पाव किलो. ज्याला हे वळण ठाऊक नाही, तो १॥ ला एकशे अकरा वाचील. ती चूक निदान हसण्यावारी तरी जाते. खरा धोका खसखशीच्या ओळीत आहे. तिथे शून्य पुसट झाले आहे आणि उरलेली रेघ एकच्या आकड्यासारखी दिसते आहे. पाच किलो मिरचीला एक किलो खसखस कोणी घालत नाही, म्हणून दिवाणजी ती पाव किलोच धरतात. ती चौपट तोलली गेली असती, तर बिलावरून तंटा ठरलेलाच होता.

मिरचीच्या ओळी तीन आहेत: ब्याडगी ३, संकेश्वरी १॥, लवंगी ०॥. यांची बेरीज पाच होते आणि वरच्या ‘५ किलो’शी जुळते, म्हणजे हा ५ मिरचीचाच आहे, तयार चटणीचा नव्हे. ही एक गोष्ट पक्की झाली, की पुढचे बरेचसे धूसर अक्षर तिच्या आधाराने वाचता येते.

(दृश्य: कागदाचा जवळून भाग. बोट एका ओळीवर थांबते.)

उदाहरणार्थ, या यादीत ‘जिरे’ दोनदा आले आहे. एकदा त्यापुढे ०। आहे आणि दुसऱ्यांदा ‘५ तो.’ आजी विसरून दोनदा लिहून बसल्या असे समजून एक ओळ सोडून द्यावी, किंवा दोन्हींची बेरीज करावी, असा मोह इथे होतो. परंतु दुसरी ओळ लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल आणि मसाला वेलदोडा यांच्या रांगेत आहे, आणि या सर्वांपुढे पाचच तोळे आहेत. खड्या मसाल्याचा ‘किलोला तोळा’ असा हिशेब या घरात चालतो, हे त्यावरून उघड होते. शिवाय जिऱ्याच्या आधी कागदाच्या घडीत काहीतरी विरले आहे. ते ‘शहा’ आहे. म्हणजे ही ओळ शहाजिऱ्याची आहे. जे अक्षराने सांगितले नाही, ते मापाने सांगितले.

तोळा मूळचा साडेअकरा ग्रॅमांहून थोडा अधिक. या दुकानात मात्र तो सरळ दहा ग्रॅमांचा धरतात. म्हणून सहा जिन्नस प्रत्येकी पन्नास ग्रॅम, मिळून तीनशे ग्रॅम.

जायफळापाशी मात्र मापही मदतीला येत नाही, कारण तिथे नुसता २ आहे. अशा वेळी दिवाणजी फोन उचलतात.

‘आजी, जायफळ दोन तोळे की दोन नग?’

‘नगच की ओ! दोन तोळ्यांचं काय करू?’

(दृश्य: कोरा कागद. दिवाणजी चार रकाने आखतात.)

आता यादी नव्याने उतरते, ती तोलण्याच्या सोयीने. पहिल्या रकान्यात मिरची, पाच किलो. दुसऱ्यात मोठ्या काट्यावरचा माल: धने १, सुके खोबरे १, मीठ १, तीळ ०॥, जिरे ०।, खसखस ०।; एकूण चार किलो. तिसऱ्यात लहान काट्यावरचे सहा जिन्नस आणि त्यांच्याखाली जायफळ, दोन नग. चौथ्या रकान्यात लसूण १, कांदा २॥ आणि कोथिंबीर ४ जुड्या. हा माल दुकानात मिळत नाही, तरीही तो उतरवला जातो, कारण तो गाळला तर ओळींचा मेळ बसत नाही. तीन, सहा, सात आणि तीन, एकोणीस भरल्या.

मूळ कागदावर प्रत्येक ओळीपुढे बारीक टिंब पडते. ओळीवर काट मारत नाहीत, कारण काट मारलेले अक्षर पुन्हा पडताळता येत नाही. पुड्या पिशवीत जातात, आणि चौथा रकाना फाडून आजींच्या नातवाच्या हाती दिला जातो. तो तिथूनच कपिलतीर्थ मंडईकडे सायकल वळवतो.