उकळलेल्या पाण्यात किती क्षार उरतात?

(स्लाइड १ : विहीर, शेजारी स्टीलची कळशी)

नमस्कार. हे आमच्या वस्तीवरच्या विहिरीचं पाणी. यात तूरडाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो. पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे हे होतं. ते किती आहे आणि उकळल्यावर किती कमी होतं, एवढंच आम्ही मोजलं.

(स्लाइड २ : ब्युरेट आणि खाली चंबू)

चंबूत पिपेटनं ५० मिलिलिटर पाणी घेतलं. अमोनियाचं बफर घालून पीएच १० च्या आसपास ठेवला. मग चिमूटभर इरिओक्रोम ब्लॅक टी टाकलं. या दर्शकानं पाण्यातला धातू धरून ठेवला की रंग लालसर होतो. ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए सोडत गेलो, की तो आधी मोकळा धातू पकडतो आणि शेवटी दर्शकाकडचाही काढून घेतो. एकट्या उरलेल्या दर्शकाचा रंग निळा.

(स्लाइड ३ : चार वाचनांचा तक्ता)

पहिलं वाचन २२.६ आलं. पुढची तीन २१.४, २१.५ आणि २१.४. पहिल्या वेळी आम्ही घाई केली. शेवटाजवळ ही अभिक्रिया सावकाश होते, दोन थेंबांमध्ये थांबावं लागतं. आणि एकदा निळा झालेला रंग जास्त ईडीटीए पडला तरी निळाच राहतो, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही. वाचनं जुळली नाहीत तेव्हाच ती कळली. म्हणून पहिलं वाचन सरासरीत धरलेलं नाही.

(स्लाइड ४ : हिशेब)

या ईडीटीएचा १ मिलिलिटर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात १ मिलिग्रॅम. ५० मिलिलिटरमध्ये २१.४, म्हणजे लिटरमध्ये त्याच्या वीसपट : ४२८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं.

(स्लाइड ५ : दोन बीकर, एकात पाणी कमी)

ही स्लाइड जरा नीट बघा. १०० मिलिलिटर पाणी अर्धा तास उकळून गाळलं, तर ७० च उरलं. त्यातलंच ५० घेऊन मोजलं आणि वाचन १३.१ आलं, म्हणजे लिटरला २६२. पण वाफ झालेल्या पाण्याबरोबर क्षार उडून जात नाहीत. ते उरलेल्या पाण्यातच दाटतात. दुसऱ्यांदा गाळलेल्या पाण्यात डिस्टिल्ड वॉटर घालून ते परत १०० केलं. आता वाचन ९.२, म्हणजे लिटरला १८४.

मूळच्या ४२८ पैकी २४४ उकळल्यावर साक्यात बसले. हे बायकार्बोनेटचे क्षार. भांड्यावरचा पांढरा थर तो हाच. उरलेले मुख्यतः सल्फेट आणि क्लोराइडचे. ते कितीही उकळलं तरी पाण्यातच राहतात.

(स्लाइड ६ : चिठ्ठी लावलेली बाटली)

यात कॅल्शियम किती आणि मॅग्नेशियम किती, हे या दर्शकानं वेगळं कळत नाही. त्यासाठी पीएच १२ च्या वर नेऊन मॅग्नेशियम खाली बसवावं लागतं आणि दर्शक बदलावा लागतो. त्याच विहिरीच्या पाण्याची ही बाटली त्यासाठी राखून ठेवली आहे.