दोन सेकंदांचा पहारा

पडद्यावर एक जुना लॅपटॉप सुरू होत आहे. लिनक्सचे स्वागत दिसण्याआधी तो पासफ्रेज मागतो आणि ती दिल्यावर सुमारे दोन सेकंद गप्प बसतो. हा संथपणा यंत्राचा दोष नाही. तो मुद्दाम घातलेला आहे.

डिस्क कूटबद्ध करणाऱ्या लक्स पद्धतीत माहितीला कुलूप असते ते एका यादृच्छिक मुख्य किल्लीचे, आणि ती किल्ली डिस्कच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे हेडरमध्ये, दुसऱ्या किल्लीने बंद करून ठेवलेली असते. ही दुसरी किल्ली आपल्या पासफ्रेजपासून दर वेळी नव्याने घडवली जाते. पीबीकेडीएफ२ या फलनात पासफ्रेज आणि सॉल्ट नावाचे यादृच्छिक बाइट एकत्र घुसळले जातात, आलेले उत्तर पुन्हा पासफ्रेजसह घुसळले जाते, आणि हे हजारो-लाखो वेळा चालते. प्रत्येक फेरीला आधीच्या फेरीचे उत्तर लागत असल्याने मधल्या फेऱ्या गाळता येत नाहीत. सॉल्ट प्रत्येक डिस्कचे वेगळे असल्याने आधीच करून ठेवलेले कोष्टकही चोराच्या कामाचे नसते.

मालक हा खर्च एकदा करतो, चोराला मात्र प्रत्येक अंदाजामागे करावा लागतो. समजा, चोराचे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १०० कोटी फेऱ्या मारते आणि पासफ्रेज म्हणजे आठ यादृच्छिक अंक आहेत. फेऱ्या १,००० असतील, तर दहा कोटी शक्यता १०० सेकंदांत तपासून होतात. फेऱ्या २० लाख केल्या, तर त्याच कामाला सुमारे ५५ तास लागतात. फरक मोठा खरा, पण आठ अंकांना एवढ्यानेही वाचवता येत नाही. ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून निवडलेल्या पाच शब्दांसाठी मात्र हाच हिशेब १८० कोटी वर्षांवर जातो.

फेऱ्यांची संख्या पासफ्रेज ठरवताना त्या यंत्राचा वेग मोजून निश्चित होते आणि हेडरमध्ये लिहिली जाते. यंत्रे वेगवान झाली, तरी ती आपोआप वाढत नाही. म्हणून जुन्या डिस्कवर हा आकडा पाहावा, `/dev/sda3` च्या जागी आपल्या कूटबद्ध विभागाचे नाव घालून:

```
sudo cryptsetup luksDump /dev/sda3
```

`Iterations` समोर हजारांतला आकडा दिसला, तर `luksChangeKey` ने पासफ्रेज बदलताच नवी मोजणी होते. लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत नेहमीची निवड आर्गॉन२आयडी असते. ते प्रत्येक अंदाजासाठी भरपूर मेमरीही मागते, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाला एकाच वेळी हजारो अंदाज चालवणे अवघड जाते.

एक फट तरीही उरते. पासफ्रेज बदलली, तरी मुख्य किल्ली तीच राहते, त्यामुळे कोणी आधीच जुन्या हेडरची नक्कल करून ठेवली असेल, तर त्याच्यासाठी जुनी पासफ्रेज आणि जुन्या फेऱ्याच लागू राहतात. अशी शंका असेल, तर संपूर्ण डिस्क नव्या मुख्य किल्लीने पुन्हा कूटबद्ध करावी लागते.